होमोसिस्टीन ३१, पण बी१२ आणि फोलेट दोन्ही नॉर्मल. मग कारण काय?

निखिल_चिंचवड
नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं. वय ४२, शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही, दारू सिगरेट काही नाही, बीपी शुगर ठीक. रिपोर्टमध्ये सगळं बरं आणि एकच गोष्ट लाल अक्षरात, होमोसिस्टीन ३१.२, त्यांची रेंज १५ पर्यंत. हे रक्तातलं एक अमिनो अ‍ॅसिड, बी१२ किंवा फोलेट कमी पडलं की साचतं म्हणे. मला वाटलं शाकाहारी आहे तर बी१२ कमी असणार, पण बी१२ आलंय ३८६ (रेंज २११ ते ९११) आणि फोलेट ११.४, तेही रेंजमध्ये. क्रिएटिनिन ०.९, टीएसएच ३.१.

चेकअपवाल्यांचा फोन आला की हार्टचा धोका आहे, अजून एक पॅकेज करून घ्या. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले बी१२ नॉर्मल आहे ना, मग सोडून द्या. माझ्या वडिलांना ५६ व्या वर्षी अटॅक आला होता आणि बायपास झाली, त्यामुळे सोडून देणं मला जमत नाहीये, दोन रात्री नीट झोप नाही. दोनच प्रश्न आहेत, दोन्ही व्हिटॅमिन नॉर्मल असताना हे कशामुळे वाढतं, आणि याची काळजी किती करायची?

माधुरी_७०
निखिल, अरे बी१२ साठी रोज ताक घे, आंबवलेले पदार्थ खा, इडली डोसा, रात्रीचा भात ताकात भिजवून सकाळी. माझ्या सुनेचं १४० होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात, शाकाहारी लोकांना चांगल्या.

निखिल_चिंचवड
काकू, धन्यवाद, पण माझं बी१२ कमी नाहीये, ३८६ आहे. प्रश्न तोच आहे की ते नॉर्मल असून होमोसिस्टीन का जास्त.

कौस्तुभ_पी
हे सरळसरळ एमटीएचएफआर जीनचं आहे. मी स्वतः टेस्ट केली आहे, ६७७ जागी दोन्ही कॉप्या बदललेल्या निघाल्या. अशा माणसांचं शरीर फोलेटचं कामाच्या रूपात रूपांतर नीट करू शकत नाही त्यामुळे रिपोर्टमध्ये फोलेट भरपूर दिसतं आणि होमोसिस्टीन साचत जातं. साधं फोलिक अ‍ॅसिड घेऊ नका, ते आपल्याला विषासारखं आहे, मिथाइलफोलेट घ्या, माझं २१ वरून १३ झालं. जीन टेस्ट करून घ्या म्हणजे आयुष्यभराचा प्रश्न मिटेल.

रसायनी
मी २० वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सेक्शनला आहे. जीनवर जायच्या आधी निखिल तुम्ही मला चार गोष्टी सांगा. रक्त घरी येऊन घेतलं का लॅबमध्ये? किती वाजता घेतलं आणि रिपोर्टवर सॅम्पल मिळाल्याची वेळ काय छापली आहे (वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते)? टेस्टच्या आधीच्या महिन्याभरात कुठलीही व्हिटॅमिनची गोळी, बी कॉम्प्लेक्स, केसांसाठीचं बायोटिन, प्रोटीन पावडर काही घेतलं का? आणि अ‍ॅसिडिटीची, फिटची, डायबिटीसची अशी काही रोजची गोळी आहे का?

निखिल_चिंचवड
घरी आले होते. रक्त घेतलं ६:४० ला, रिपोर्टवर लॅबला मिळाल्याची वेळ ११:१० आहे, हे मी आत्ता पहिल्यांदा बघतोय. आमच्या नंतर त्या मुलाची अजून तीन-चार घरं होती असं तो म्हणाला होता. रोजची गोळी काही नाही. बायोटिन नाही. व्हिटॅमिनचं म्हणाल तर टेस्टच्या आधीच्या आठवड्यात मेडिकलवाल्याकडून मिथाइलकोबालामिन १५०० ची पट्टी आणली होती, पाच गोळ्या खाल्ल्या असतील. एक-दीड महिना रात्री तळपायाला मुंग्या येत होत्या म्हणून. नंतर रिपोर्टमध्ये बी१२ नॉर्मल आलं म्हणून बंद केल्या. हे महत्त्वाचं आहे का?

रसायनी
खूप महत्त्वाचं आहे, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक घेऊ.

आधी होमोसिस्टीनचा आकडा. नळीत काढलेलं रक्त काही मेलेलं नसतं, त्यातल्या लाल पेशी होमोसिस्टीन बनवत राहतात आणि बाहेर टाकत राहतात. म्हणून या टेस्टचा नियम असा की रक्त घेतल्याबरोबर नळी बर्फात ठेवायची आणि तासाभराच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करायच्या. बाहेरच्या हवेत नळी तशीच राहिली तर दर तासाला साधारण १० टक्के आकडा चढतो. तुमची नळी साडेचार तास त्या मुलाच्या बॅगेत होती. बर्फ होता की नाही आपल्याला माहीत नाही, आणि घरून घेतलेल्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा एकाच जेलच्या नळीतून सगळ्या टेस्ट होतात. उशीर झाला तर काय असा शेरा होमोसिस्टीनच्या रिपोर्टवर मी फार कमी ठिकाणी बघितलाय, ग्राहकाला कळायला मार्गच नाही. म्हणून ३१ मधले किती तुमचे आणि किती त्या नळीचे हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही. पण पूर्ण ३१ नळीचेच असतील असंही धरून चालू नका, तुमचं मूळचं १२-१३ असतं तर साडेचार तासांत ते ३१ पर्यंत गेलं नसतं.

दुसरं बी१२. पाच गोळ्या खाऊन तपासलेलं बी१२ हे गोळीचं बी१२ असतं. रक्तातला आकडा दोन-चार दिवसांत वर येतो, पेशींच्या आतली वर्षानुवर्षांची तूट तेवढ्यात भरत नाही. शिवाय रक्तातलं बहुतेक बी१२ अशा प्रोटीनला चिकटलेलं असतं जे ते पेशींपर्यंत पोचवतच नाही, साधारण पाचवा हिस्साच खऱ्या कामाचा. साधी टेस्ट दोन्ही मिळून मोजते. म्हणून २०० ते ३५० च्या पट्ट्यात नॉर्मल असा शिक्का असला तरी आतून कमतरता असू शकते, आणि होमोसिस्टीन वाढणं ही तिची खूण आहे. म्हणजे तुम्ही विचारताय की बी१२ नॉर्मल असताना होमोसिस्टीन का वाढलं, मी विचारेन की होमोसिस्टीन वाढलेलं असताना बी१२ नॉर्मल कसं?

तळपायाच्या मुंग्या तुम्ही पोस्टमध्ये लिहिल्याच नव्हत्या. त्यासाठी डॉक्टरांना दाखवा, टेस्टच्या गणितात आठवडे घालवू नका.

कौस्तुभ_पी
मग जीनचं काहीच नाही म्हणता? माझा अनुभव खोटा का?

रसायनी
अनुभव खरा आहे कौस्तुभ, कारण चुकीचं लावलंय तेवढंच. दोन्ही कॉप्या बदललेल्या असल्या तर होमोसिस्टीन थोडं चढतं हे बरोबर आहे, पण ते मुख्यतः फोलेट कमी असताना. फोलेट पुरेसं असलं की फरक बराचसा पुसला जातो. आणि साधं फोलिक अ‍ॅसिड अशा लोकांमध्येही होमोसिस्टीन खाली आणतं, विष वगैरे नाही. अमेरिकेतल्या जेनेटिक्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तर २०१३ मध्येच सांगितलंय की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार गर्भपात यांच्या तपासणीतही ही जीन टेस्ट करत बसू नका, कारण निकालाचा फारसा उपयोग होत नाही. तुमचं बी१२ किती होतं तेव्हा? आणि तुमच्या मिथाइलफोलेटच्या गोळीत सोबत मिथाइलकोबालामिन होतं का?

कौस्तुभ_पी
बी१२ १९५ होतं. हो, गोळीत १५०० मिथाइलकोबालामिन आहे. अच्छा. पण जीनचा वाटा शून्य आहे हे मला अजून पटलेलं नाही.

रसायनी
शून्य मीही म्हटलं नाही. मात्र एक गोष्ट निखिलसाठी ठासून सांगते, नुसतं फोलेट, मग ते मिथाइल असो की साधं, बी१२ ची शंका असताना एकटं घेऊ नका. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

माधुरीताई, ताक-दह्यात थोडं बी१२ असतं, पण इडलीच्या पिठात आंबवल्यानं भरवसा ठेवावा इतकं तयार होत नाही. आणि स्पिरुलिनातलं जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला वापरता न येणारं, त्यावर विसंबू नका.

माधुरी_७०
अगंबाई, मी सुनेला सहा महिने स्पिरुलिनाच दिलं इंजेक्शनांनंतर. आता परत तपासायला सांगते.

वामनराव_सातारा
माझी केस सांगतो. वय ६८, बी१२ ५२०, फोलेट व्यवस्थित, होमोसिस्टीन २४. लॅबमध्ये जाऊन दिलेलं रक्त. क्रिएटिनिन १.७ आहे, डायबिटीस १९ वर्षं. एका ठिकाणी बी६ बी९ बी१२ चा मोठा डोस दिला, होमोसिस्टीन १९ झालं. तो डोस चालू ठेवावा का? माझ्या डॉक्टरांचं म्हणणं नको.

डॉ_अनुजा
वामनकाका, तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. किडनी मंदावली की होमोसिस्टीन वाढतंच, तुमच्या बाबतीत कारण तेच दिसतं आणि गोळ्यांनी ते मूळ कारण हलत नाही. डायबिटीसमुळे किडनी बिघडलेल्या लोकांवर कॅनडात या तिन्ही व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसचा अभ्यास झाला होता, २०१० मध्ये निकाल आला, होमोसिस्टीन उतरलं पण किडनीचं काम गोळीवाल्यांमध्ये जास्त वेगानं घटलं. मोठा डोस थांबवायचं त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ वर्षातून एकदा बघत राहा.

निखिल, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण वडिलांच्या अटॅकची भीती त्यामागे आहे हे दिसतंय. मी फिजिशियन आहे, हा प्रश्न ओपीडीत जवळजवळ रोज येतो.

होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना अटॅक आणि स्ट्रोक जास्त होतात हे अनेक पाहण्यांत दिसलं, म्हणून सगळ्यांना वाटलं की ते उतरवलं की अटॅक कमी होतील. मग खरोखर करून बघितलं. होप-२ नावाच्या अभ्यासात साडेपाच हजार लोकांना पाच वर्षं फोलिक अ‍ॅसिड, बी६, बी१२ दिलं, नॉर्वेत अटॅक येऊन गेलेल्या पावणेचार हजार लोकांवर तसाच अभ्यास झाला. दोन्ही २००६ ला आले. होमोसिस्टीन उतरलं, अटॅक कमी झाले नाहीत. नॉर्वेत तर तिन्ही व्हिटॅमिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये त्रास किंचित जास्तच दिसला. म्हणजे हार्टच्या बाबतीत होमोसिस्टीन हे बरेचदा धुरासारखं, आग दुसरीकडेच असते, किडनी, वय, सिगरेट, बीपी. तुमच्या घरच्या इतिहासासाठी मला तुमचं एलडीएल, बीपी, शुगर, एकदा लायपोप्रोटीन ए, म्हणजे वारशानं येणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार, हे जास्त कामाचं वाटतं. त्या फोनवरच्या पॅकेजची गरज नाही.

कौस्तुभ_पी
डॉक्टर, चीनमधल्या अभ्यासाचं काय? वीस हजार लोक होते, फोलिक अ‍ॅसिडनं स्ट्रोक कमी झाले.

डॉ_अनुजा
हो, २०१५ चा, बीपीचे पेशंट, बीपीच्या गोळीसोबत ०.८ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड. साडेचार वर्षांत पहिला स्ट्रोक ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आला. चांगला अभ्यास आहे आणि मी तो नाकारत नाही. तिथे पिठात फोलिक अ‍ॅसिड घालायची सक्ती नव्हती, लोकांचं फोलेट मुळात कमी होतं, आणि ज्यांचं कमी होतं त्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे तूट भरली तर फायदा, नसलेली तूट भरायला गेलं तर नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

आणि इथेच मला स्वतःला खात्रीनं उत्तर देता येत नाही ती गोष्ट सांगते. होप-२ आणि नॉर्वेच्या अभ्यासांतल्या लोकांचं होमोसिस्टीन मुळात १२-१३ च्या आसपास होतं आणि बी१२ बऱ्यापैकी. आपल्याकडे चित्र उलटं आहे. पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमनं ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते, २००६ मध्ये छापून आलं, ६७ टक्क्यांचं बी१२ कमी आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर, शहरी मध्यमवर्गात प्रमाण सगळ्यात जास्त. अशा बी१२ कमी असलेल्या शाकाहारी माणसांमध्ये वर्षानुवर्षं २५-३० राहिलेलं होमोसिस्टीन बी१२ देऊन उतरवलं तर अटॅक टळतात का, यावर तेवढा मोठा अभ्यास माझ्या माहितीत नाही. त्यामुळे काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही आणि अटॅक येणारच असंही नाही.

पण बी१२ भरून काढायला हार्टचं कारण लागतच नाही, नसा पुरेशा आहेत. मुंग्या सहा महिन्यांच्या आतल्या असतील तर बहुतेक वेळा परत जातात, वर्षानुवर्षं राहिल्या तर पूर्ण जातीलच असं नाही. १०० च्या वरचं होमोसिस्टीन हा वेगळा विषय, तिथे जन्मजात आजार किंवा फार तीव्र कमतरता शोधावी लागते. तुमचं तसं नाही.

निखिल_चिंचवड
दोघींचे मनापासून आभार. उद्याच डॉक्टर गाठतो.

निखिल_चिंचवड (११ दिवसांनी)
अपडेट देतो, कारण असे धागे अर्धवट राहतात आणि नंतर शोधत येणाऱ्याला काहीच कळत नाही.

दुसऱ्या फिजिशियनकडे गेलो. त्यांनी पायाच्या अंगठ्यावर तो वाजणारा लोखंडी चिमटा ठेवला, ट्यूनिंग फोर्क, आणि थरथर थांबली की सांगा म्हणाले. मी थांबली म्हणालो तेव्हा त्यांच्या हाताला ती अजून जाणवत होती. हे बघून मला जरा धक्काच बसला, म्हणजे माझ्या पायात काहीतरी कमी झालंय आणि मला ते कळलंच नव्हतं.

मग स्वतः लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटी रक्त दिलं, रसायनीताईंनी सांगितलेलं विचारलं, तिथल्या मॅडमनी नळी बर्फात ठेवली आणि माझ्यासमोर आत फिरवायला नेली. होमोसिस्टीन २२.८. बी१२ २३८, म्हणजे गोळ्या बंद केल्यावर पाच आठवड्यांत एवढं खाली. अ‍ॅक्टिव्ह बी१२ म्हणून वेगळी टेस्ट करायला सांगितली होती ती २९, त्या लॅबची रेंज ३५ च्या वर. डॉक्टर म्हणाले ही कमतरताच आहे. १००० ची इंजेक्शनं एक दिवसाआड सुरू झाली, नंतर आठवड्याला, नंतर रोज गोळी, शाकाहारी राहणार असेन तर गोळी कायमची.

रसायनीताई, २२.८ वर साडेचार तासांचे १० टक्क्यांप्रमाणे धरले तर साधारण ३३ येतं, म्हणजे हिशोब जवळपास जुळतो ना?

रसायनी
जुळतो, पण त्यावर फार विसंबू नका. दोन वेगळ्या दिवसांचे आकडे आहेत, पहिल्या वेळी पोटात गोळ्या होत्या, आणि एकाच माणसाचा आकडाही दिवसादिवसाला थोडा इकडेतिकडे होतो. नळीचा वाटा होता आणि बी१२ चाही होता, एवढंच मी म्हणेन. अडीच-तीन महिन्यांनी परत कराल तेव्हा त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं करा, नाहीतर उतरलं का चढलं ते समजणार नाही.

कौस्तुभ_पी
मीही परवा लॅबमध्ये जाऊन केलं, मागच्या दोन्ही वेळा घरून घेतलं होतं. १४.१ आलं. गोळी तीच.

निखिल_चिंचवड (तीन महिन्यांनी)
मुंग्या जवळजवळ गेल्या, फक्त खूप वेळ उभं राहिलो तर डाव्या पायाला थोड्या येतात. बी१२ ७१०. होमोसिस्टीन १६.३, तीच लॅब, बर्फातली नळी. म्हणजे बरंच उतरलं पण १५ च्या खाली गेलं नाही. फोलेट १०, किडनी ठीक. डॉक्टर म्हणतात यासाठी अजून काही द्यायचं नाही. एलडीएल मात्र १५२ निघालं आणि लायपोप्रोटीन ए जास्त आहे, वडिलांच्या अटॅकचा धागा तिथे असावा असं त्यांना वाटतं, एलडीएलसाठी गोळी सुरू केली. ही गोष्ट पहिल्या रिपोर्टमध्येही होती, १४८, पण ती लाल अक्षरात नव्हती म्हणून माझं लक्षच गेलं नाही.

उरलेलं १६ कशामुळे?

डॉ_अनुजा
कळवलंत बरं केलं. १६ कशामुळे हे मला सांगता येणार नाही आणि शोधत बसावं असंही वाटत नाही. दिवसाला कॉफी किती होते? खूप कॉफीनं थोडं वाढतं.

निखिल_चिंचवड
ऑफिसच्या दिवशी पाच कप.

कौस्तुभ_पी
किंवा जीन.

रसायनी
असू शकतो. निखिल, तुमच्या भावानं तपासलं का? घरात जेवण तेच, शाकाहारी तोही.

निखिल_चिंचवड
शनिवारी घेऊन जातोय त्याला, लॅबमध्येच. त्यानं कुठलीच गोळी सुरू केलेली नाही, ते आधीच विचारून घेतलं.